वेताळ टेकडीवरचे दोन आकडे

पुण्यात स्कूटर घ्यायला गेलेला माणूस किंमत विचारून झाली की लगेच दुसरा प्रश्न करतो, "एआरएआय किती?" विक्रेत्याला पुढं काही समजावावं लागत नाही. तो आकडा सांगतो, गिऱ्हाईक मनातल्या मनात त्यातून थोडं वजा करतं आणि बोलणं पुढं सरकतं. एखाद्या चाचणी संस्थेचं नाव असं मापाचं एकक होऊन बसलेलं दुसरं उदाहरण मला तरी आठवत नाही. संस्थेचं पूर्ण नाव ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया. वाहन उद्योग आणि केंद्र सरकारचं उद्योग मंत्रालय यांनी मिळून १९६६ मध्ये ती पुण्यात उभी केली. वेताळ टेकडीवर तिचं आवार आहे आणि सकाळी फिरायला जाणारे कोथरूडकर त्या टेकडीलाच 'एआरएआय टेकडी' म्हणतात.

या संस्थेच्या वाटचालीतला इंजिनांचा आणि धुराचा काळ बऱ्याच जणांना ठाऊक आहे. मला सांगायचं आहे ते अलीकडचं. गेल्या काही वर्षांत टेकडीवरच्या कामाची दिशा ज्या गोष्टीनं वळवली, ती डोळ्यांना दिसत नाही. बॅटरीच्या सेलमध्ये ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यावर फासलेला काळा लेप असतो, त्याला कॅथोड म्हणतात. त्या लेपातून जगभरचे उत्पादक कोबाल्ट काढून टाकत आहेत. कोबाल्ट गेल्यावर त्याच्या जागी काय येतं, यावर टेकडीवरून निघणारे दोन आकडे ठरतात. एक म्हणजे गाडी एका चार्जिंगमध्ये किती जाते. दुसरा आकडा गिऱ्हाईक विचारत नाही. आत काही बिघडलं तर सेल किती अंशांना पेट घेईल आणि आग शेजारच्या सेलपर्यंत पोचेल की नाही, हा तो दुसरा आकडा.

पहिल्या आकड्याची गोष्ट जुनी आहे. ऐंशीच्या दशकात इथल्या अभियंत्यांनी भारतीय शहरांतली गाडी कशी चालते याची नोंद करून 'इंडियन ड्रायव्हिंग सायकल' बसवली. १०८ सेकंदांचा एक फेरा. त्यात गाडी सुटते, वेग घेते, मंदावते, थांबते, पुन्हा सुटते. कमाल वेग ताशी ४२ किलोमीटर आणि सरासरी ताशी २२ च्या आसपास. लक्ष्मी रस्त्यावरून जाणाऱ्याला हे आकडे ओळखीचे वाटतील. गाडी रोलरवर चढवून हाच फेरा पुन्हा पुन्हा करवतात. पेट्रोलच्या गाडीसाठी तो धूर मोजायला होता. विजेच्या स्कूटरसाठी तोच फेरा, गाडीला तो पाळवेनासा होईपर्यंत, चालवत राहायचा आणि किती किलोमीटर झाले ते लिहायचं.

नियम लिहिण्याचं काम पुढं आलं. १५ सप्टेंबर १९९७ च्या आदेशानं केंद्र सरकारनं वाहन उद्योगाच्या मानकांसाठी कायमची समिती नेमली आणि तिचं सचिवालय या संस्थेकडं सोपवलं. वाहनाच्या कागदपत्रांत 'एआयएस' अशी अक्षरं आणि पुढं आकडा दिसतो, ती मानकं इथूनच छापली जातात. विजेच्या गाडीच्या बॅटरीसाठीचं एआयएस-०४८ हे मानक २००९ चं. त्या वेळी रस्त्यावरच्या विजेच्या दुचाकीत बहुधा शिशाचीच बॅटरी असायची. जड, मंद, आणि आगीच्या बाबतीत बरीच शांत.

मग जानेवारी २०२० उजाडला. १४ जानेवारीला बजाजनं नवी विजेची चेतक पुण्यात बाजारात आणली. १९७२ पासून आकुर्डीच्या कारखान्यानं घराघरांत पोचवलेलं नाव, चाकणला तयार झालेल्या नव्या देहावर. त्याच महिन्याच्या २८ तारखेला टाटांची विजेची नेक्सॉन आली, तीही पुणे जिल्ह्यातल्या रांजणगावची. दोन्ही गाड्या एकाच जिल्ह्यातल्या, एकाच महिन्यातल्या, पण कोबाल्टच्या प्रश्नावर दोघींनी दिलेली उत्तरं वेगळी. चेतकमध्ये एनसीए जातीचे सेल होते, म्हणजे भरपूर निकेल, थोडं कोबाल्ट आणि चिमूटभर ॲल्युमिनियम. नेक्सॉनमध्ये लोह-फॉस्फेटचे म्हणजे एलएफपी जातीचे सेल, त्यांत कोबाल्ट नाही आणि निकेलही नाही. जगभर जो वाद चालू होता त्याचे दोन्ही पक्ष पुण्याच्या रस्त्यावर पंधरा दिवसांच्या अंतरानं उतरले.

वाद समजायला कॅथोडच्या आत डोकवावं लागतं. कल्पना करा की ऑक्सिजन आणि धातूंच्या अणूंचे थर एकावर एक रचले आहेत, पुस्तकाच्या पानांसारखे, आणि दोन पानांच्या मधल्या फटीत लिथियम बसलं आहे. चार्ज करताना लिथियम फटीतून बाहेर पडून पलीकडच्या ग्रॅफाइटमध्ये जातं, गाडी चालवताना परत येतं. पानं नीट, सरळ, एकमेकांपासून सारख्या अंतरावर राहिली तर लिथियमची ये-जा बिनबोभाट चालते. कोबाल्ट हे काम सगळ्यात चोख करतं. म्हणून १९८० मध्ये ऑक्सफर्डला जॉन गुडइनफ यांच्या गटानं लिथियम आणि कोबाल्टचं ऑक्साइड कॅथोड म्हणून पुढं आणलं आणि १९९१ मध्ये सोनीनं तीच घडण घेऊन पहिली लिथियम-आयन बॅटरी विकायला काढली. आपल्या मोबाइलमध्ये आजही बहुतेक हाच पदार्थ असतो.

त्याची खोट वजनकाट्यावर दिसते. या ऑक्साइडच्या वजनात साठ टक्के निव्वळ कोबाल्ट असतं. मोबाइलमध्ये ते काही ग्रॅम भरतं, चालून जातं. आता तीन किलोवॉट-तासांची बॅटरी धरा, पहिल्या चेतकएवढी. शुद्ध कोबाल्टच्या कॅथोडनं ती बांधायची तर एक ग्रॅम कॅथोडमागं साधारण ०.५७ वॉट-तास मिळतात, म्हणजे सव्वापाच किलो कॅथोड लागेल आणि त्यात सव्वातीन किलोच्या आसपास कोबाल्ट. मार्च २०१८ मध्ये लंडनच्या धातू बाजारात कोबाल्टचा भाव टनाला ९५ हजार डॉलरपर्यंत चढला होता. तेव्हाच्या विनिमय दरानं किलोला सहा हजार रुपयांहून जास्त. एक लाखाच्या स्कूटरमध्ये वीस हजारांचा एकच धातू! असं वाहन विकून कुणाचंच पोट भरलं नसतं.

उत्पादकांना भाव चढण्यापेक्षा जास्त त्रास दिला तो भावाच्या लहरीनं. २०१८ चा तो भाव वर्षभरात तिसरा हिस्सा राहिला. २०२२ मध्ये तो पुन्हा ८० हजारांवर गेला आणि २०२५ च्या सुरुवातीला पंचवीस हजारांच्याही खाली आला. गाडीचा आराखडा चार-पाच वर्षं आधी ठरतो. मधल्या काळात कच्चा माल चौपट महाग किंवा स्वस्त होणार असेल तर किंमत लावायची कशी? या हेलकाव्यांचं कारण जमिनीत आहे. जगातलं सत्तर टक्क्यांहून अधिक कोबाल्ट काँगो या एका देशातून निघतं आणि बहुतेक ठिकाणी ते तांब्याबरोबर किंवा निकेलबरोबर उपपदार्थ म्हणून येतं. कोबाल्टला मागणी वाढली म्हणून कुणी तांब्याची खाण मोठी करत नाही, आणि कोबाल्ट पडलं म्हणून तांबं काढायचं कुणी थांबत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये काँगो सरकारनं कोबाल्टची निर्यातच बंद केली आणि ऑक्टोबरपासून ठरावीक कोटा लावला. शिवाय जानेवारी २०१६ मध्ये ॲम्नेस्टी इंटरनॅशनलच्या अहवालानं काँगोतल्या हातखाणींत लहान मुलं कशी राबतात ते जगापुढं मांडलं होतं. त्यानंतर कुठल्याही मोठ्या कंपनीला आपलं कोबाल्ट कुठून येतं या प्रश्नाकडं पाठ फिरवता आली नाही. भारतात कोबाल्टची खाण नाही. गोव्यात कुंकळ्ळीला कोबाल्ट आणि निकेल शुद्ध करणारा एक कारखाना आहे, पण त्यालाही कच्चा माल बाहेरून आणावा लागतो.

तर कोबाल्ट कमी करायचं. पण पानं सरळ ठेवणार कोण? इथं निकेल आणि मँगनीज येतात आणि दोघांचे स्वभाव अगदी वेगळे आहेत. एनएमसी या कॅथोडमध्ये तिन्ही धातू असतात. निकेल वीज साठवण्याचं मुख्य काम करतं, कोबाल्ट थर नीट लावतं आणि मँगनीज प्रत्यक्ष काही साठवत नाही, फक्त घर पडू देत नाही. पहिल्या एनएमसीत तिघं सम प्रमाणात होते, एक-एक-एक. मग पाच-दोन-तीन, सहा-दोन-दोन आणि शेवटी आठ-एक-एक असा प्रवास झाला. व्यवसायातले लोक त्याला नुसतं 'आठ अकरा' म्हणतात. मघाचाच हिशेब पुढं नेला तर तीन किलोवॉट-तासांसाठी सम प्रमाणाच्या एनएमसीत एक किलोच्या वर कोबाल्ट लागतं. आठ अकरामध्ये पाव किलो. आणि कॅथोडही सव्वापाचऐवजी चार किलोच पुरतो, कारण निकेल वाढलं की दर ग्रॅममागं साठवण वाढते. तेवढंच वजन आणि तेवढीच जागा ठेवली तर गाडी जास्त लांब जाते. एआरएआयच्या रोलरवर हा फायदा ताबडतोब दिसतो. निकेलकडं सगळे का धावले, त्याचं निम्मं उत्तर कोबाल्टचा भाव आणि निम्मं उत्तर शोरूममधला तो प्रश्न.

किंमत दुसरीकडं मोजावी लागली. ती तीन ठिकाणी दिसते आणि पहिली जागा कारखान्याच्या फरशीवर आहे.

निकेलचा अणू एका अवस्थेत लिथियमएवढ्याच आकाराचा होतो, त्यामुळं तो आपलं पान सोडून लिथियमच्या फटीत जाऊन बसतो. एकदा तिथं रुतला की वाट अडते. हे टाळायला भट्टी सातशे ते आठशे अंशांच्या अरुंद पट्ट्यात, साध्या हवेऐवजी शुद्ध ऑक्सिजनमध्ये चालवावी लागते, आणि लिथियम कार्बोनेट सोडून महागडं लिथियम हायड्रॉक्साइड वापरावं लागतं. एवढं करून तयार झालेली काळी पूड दमट हवेला दाखवायची सोय नाही. पृष्ठभागावर उरलेलं लिथियम हवेतलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं आणि पूड अल्कधर्मी होते. मग ती चिकट द्रावणात कालवली की जो लेप मधासारखा वाहायला हवा तो पिठल्यासारखा घट्ट होत जातो, आणि हात लावावा तो जेली. पत्र्यावर तो पसरतच नाही. पुण्याच्या जुलै महिन्यात, खिडकीच्या चौकटी फुगतात त्या हवेत, हे काम उघड्यावर करणं शक्य नाही. हवा कोरडी करणाऱ्या खोलीचं वीजबिल हा निकेलवाल्या सेलच्या किमतीतला खराखुरा भाग आहे. चुकून ओल राहिलीच तर ती सेलच्या आत वायू बनून बाहेर येते आणि पाकीटबंद सेल पापडासारखा फुगतो. फुगलेला सेल ही ओळखायची सगळ्यात सोपी खूण आहे. असा सेल दाबून बघायचा नाही, टोचायचा तर मुळीच नाही.

दुसरी जागा पुडीच्या प्रत्येक कणाच्या आत आहे. निकेल जास्त असलेला कॅथोड ४.२ व्होल्टच्या जवळ पूर्ण भरला, म्हणजे त्यातलं बहुतेक लिथियम निघून गेलं, की मघाची पानं एकदम जवळ येतात आणि कण आकसतो. डिस्चार्ज करताना पुन्हा फुगतो. हा कण स्वतः शेकडो बारीक कणांचा लाडू असतो. रोजच्या आकसण्या-फुगण्यानं लाडवाला भेगा पडतात, भेगांत इलेक्ट्रोलाइट शिरतो, नव्या पृष्ठभागावर नव्या रासायनिक क्रिया सुरू होतात आणि क्षमता घटते. यावर उत्पादकांनी उपाय काढले आहेत. कणाला ॲल्युमिनाचं पातळ कवच द्यायचं, थोडं ॲल्युमिनियम किंवा झिरकोनियम मिसळायचं, लाडवाऐवजी एकसंध स्फटिक वापरायचा. कॅनडातल्या जेफ डान यांच्या गटानं २०१९ मध्ये सरळ प्रश्न विचारला, निकेल इतकं वाढवल्यावर कोबाल्टची गरज उरते का? त्यांच्या प्रयोगांत असं दिसलं की थोडं ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम किंवा मँगनीज तेच काम करू शकतं आणि कोबाल्टचा हातभार फारसा नाही. मला हा निष्कर्ष या विषयातला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण शेवटचं पाव किलो कोबाल्ट उद्योगानं बहुतांशी सवयीनं ठेवलं होतं असा त्याचा अर्थ निघतो.

वापरणाऱ्याच्या हातात इथं एक गोष्ट आहे. पान आकसण्याचा तो टप्पा शेवटच्या पंधरा-वीस टक्क्यांत येतो. रोज शंभर टक्के भरण्याऐवजी ऐंशीवर थांबलं तर कण तिथवर जातच नाही. लोह-फॉस्फेटला ही काळजी तितकी नसते.

तिसरी जागा उष्णतेची आहे आणि इथं टेकडीचा दुसरा आकडा येतो. चार्ज झालेला कॅथोड तापवत नेला तर ठरावीक तापमानाला त्याची रचना कोसळते आणि तो स्वतःतला ऑक्सिजन सोडतो. आजूबाजूला पेट घेणारा इलेक्ट्रोलाइट असतोच. म्हणजे आगीला लागणारी हवा बाहेरून यायची गरजच उरत नाही. सम प्रमाणाच्या एनएमसीत ही जोराची प्रतिक्रिया साधारण ३०० अंशांच्या आसपास दिसते, आठ अकरामध्ये २३० च्या आसपास. निकेलनं अंतर वाढवलं आणि सत्तर अंशांची सुरक्षित जागा खाल्ली. सेलमधला प्लास्टिकचा पडदा १३० अंशांपाशी वितळू लागतो. तिथून २३० पर्यंतची वाट फार लांब नाही. लोह-फॉस्फेटमध्ये ऑक्सिजन फॉस्फरसला घट्ट बांधलेला असतो, तो असा सहज सुटत नाही.

मार्च २०२२ मध्ये पुण्याच्या धानोरी भागात रस्त्याकडेला उभी असलेली एक विजेची स्कूटर धूर सोडू लागली आणि काही क्षणांत पेटली. ती चित्रफीत देशभर फिरली. त्या उन्हाळ्यात वेल्लोर, निझामाबाद अशा ठिकाणी आणखी गाड्या पेटल्या आणि माणसं दगावली. दोष एकट्या कॅथोडचा नव्हता, हे स्पष्ट सांगायला हवं. सरकारी तपासात सेलच्या दर्जातले आणि पॅकच्या रचनेतले दोष पुढं आले. वेल्डिंग नीट नसणं, सेल एकमेकांना खेटून बसवणं, तापमान मोजणारे सेन्सर अपुरे असणं, यातलं काहीही ठिणगी देऊ शकतं. पण ठिणगीनंतर किती वेळ मिळतो, ते कॅथोड ठरवतो. निकेलचा कॅथोड वापरणाऱ्याला चूक करायची मुभाच कमी असते.

त्या वर्षी रस्ते वाहतूक मंत्रालयानं तज्ज्ञांची समिती नेमली आणि सप्टेंबरमध्ये एआयएस-१५६ या दुचाकी-तिचाकींच्या मानकात दुरुस्ती झाली. पहिला टप्पा १ डिसेंबर २०२२ पासून, दुसरा ३१ मार्च २०२३ पासून. या दुरुस्तीतल्या अटी कॅथोडच्या नजरेनं वाचल्या की त्यांचा अर्थ उलगडतो. दोन सेलांच्या मध्ये पुरेसं अंतर ठेवा, म्हणजे एकाची उष्णता दुसऱ्याला २३० पर्यंत नेणार नाही. पॅकमध्ये किमान चार ठिकाणी तापमान मोजा. आत काही तापायला लागलं तर चालकाला आवाज आणि दिवा यांनी कळवा. प्रत्येक सेल कुठला, कधीचा, याची नोंद ठेवा. आणि सगळ्यांत कठीण अट अशी, की एक सेल मुद्दाम बेकाबू करायचा आणि आग पॅकभर पसरत नाही हे दाखवायचं.

ही शेवटची चाचणी डोळ्यांपुढं आणून बघा. २१ मिलिमीटर जाड आणि ७० मिलिमीटर उंच असा एक सेल, करंगळीहून जाड, वजनाला सत्तर ग्रॅम. तीन किलोवॉट-तासांच्या पॅकमध्ये असे दीडशेहून अधिक लागतात. त्यातल्या एकाला बाहेरून उष्णता देत न्यायची. काही वेळ तापमानाची रेघ सावकाश चढते. मग एका बिंदूला ती एकदम उभी होते. सेलची टोपी फुटते, पांढरा धूर सुटतो, कधी ज्वाळा. शेजारच्या सेलना जोडलेल्या तारा आता सांगणार असतात की त्यांची रेघ चढून पुन्हा खाली येते की तीही उभी होते. पहिला सेल गेला याला नापास म्हणत नाहीत, तो जाणारच होता. आग पुढं पसरत गेली की पॅक परत आराखड्याच्या टेबलावर जातो. मग मध्ये अभ्रकाचा पत्रा घाला, फेस भरा, अंतर वाढवा. यातल्या प्रत्येक गोष्टीला वजन आणि जागा लागते. निकेलनं सेलमध्ये वाचवलेलं वजन असं पॅकमध्ये परत येतं. म्हणून सेलच्या पातळीवर दिसणारा निकेलचा फायदा पूर्ण गाडीच्या पातळीवर बराच आटतो. नेक्सॉनसारख्या गाड्यांना जड लोह-फॉस्फेट परवडलं त्याचं एक कारण हेच.

निकेलची बाजारपेठही काही शांत नाही. ८ मार्च २०२२ ला लंडनमध्ये निकेल टनाला एक लाख डॉलरच्या वर गेलं आणि बाजारच बंद करावा लागला. जगातलं निम्म्याहून अधिक निकेल आता इंडोनेशियातून येतं. काँगोच्या जागी दुसरा एक देश आला, इतकंच.

त्यामुळं आता नजर मँगनीजकडं वळली आहे. मँगनीज मुबलक आहे आणि स्वस्त आहे, पण बॅटरीत त्याच्या वेगवेगळ्या घडणी असतात आणि 'मँगनीजची बॅटरी' एवढं म्हटल्यानं काहीच कळत नाही. सगळ्यात जुनी घडण स्पिनेलची. २०१० च्या निसान लीफमध्ये तिचा मोठा वाटा होता. ती सुरक्षित आहे, वीज झटकन देते, पण गरम झाली की तिच्यातलं मँगनीज इलेक्ट्रोलाइटमध्ये विरघळतं, पलीकडच्या ग्रॅफाइटवर जाऊन बसतं आणि तिथला संरक्षक थर बिघडवतं. अमेरिकेत ॲरिझोनाच्या वाळवंटात राहणाऱ्या लीफच्या मालकांना २०१२ मध्येच बॅटरीची क्षमता भराभर घटताना दिसली. नागपूर-अकोल्याचा मे महिना ज्यांनी भोगला आहे त्यांना यातून काय बोध घ्यायचा ते सांगायला नको.

नवी घडण वेगळी आहे. तिला लिथियम-मँगनीजबहुल म्हणतात. तिच्यात लिथियम फटीत तर असतंच, शिवाय धातूच्या पानातही काही जागा धरून बसतं. चार्ज करताना तेही बाहेर पडतं आणि त्या वेळी वीज देण्याच्या कामात धातूंबरोबर ऑक्सिजनही उतरतो. म्हणून दर ग्रॅममागची साठवण आठ अकराहूनही जास्त निघते. मे २०२५ मध्ये जनरल मोटर्स आणि एलजी यांनी जाहीर केलं की अशा सेलचं व्यापारी उत्पादन २०२८ मध्ये सुरू होईल. त्यांच्या धातूंच्या मिश्रणात पस्तीस टक्के निकेल, पासष्ट टक्के मँगनीज आणि कोबाल्ट जवळजवळ शून्य. लोह-फॉस्फेटच्या तुलनेत ऊर्जेची घनता एक-तृतीयांश जास्त आणि खर्च जवळपास तेवढाच, असा त्यांचा दावा आहे.

या घडणीचा रोग पंचवीस वर्षं संशोधकांना छळतो आहे. प्रत्येक फेऱ्याला थोडं मँगनीज आपली जागा सोडून फटीत सरकतं, आतली घडण हळूहळू बदलते आणि सेलचा व्होल्टेज उतरत जातो. साठवलेला विद्युतभार तोच राहिला तरी व्होल्टेज उतरला की ऊर्जा कमी, म्हणजे अंतर कमी. नव्या गाडीवर रोलरनं दिलेला आकडा तीन वर्षांनी खोटा ठरू शकतो. आणखी एक अडचण आहे. स्कूटरच्या पडद्यावर 'बॅटरी ४० टक्के' दिसतं तो अंदाज मुख्यत्वे व्होल्टेजवरून आणि सेलमधून गेलेल्या भाराच्या मोजणीवरून बांधलेला असतो. व्होल्टेजची रेघच वर्षागणिक खाली सरकत असेल तर आज ४० टक्के दाखवणारी गाडी कधी वाटेतच थांबेल. म्हणून या बॅटरीची परीक्षा नव्या सेलवर घेऊन भागणार नाही, ती पाचशे आणि हजार फेऱ्यांनंतरच्या सेलवर घ्यावी लागेल. टेकडीवरच्या कामाचा पुढचा अध्याय माझ्या मते हाच आहे. निकेलनं चाचणी करणाऱ्याला आग मोजायला लावलं, मँगनीज त्याला म्हातारपण मोजायला लावेल.

मँगनीजची तिसरी वाट लोह-फॉस्फेटला जोडून जाते. लोखंडाच्या काही भागाऐवजी मँगनीज घालायचं, म्हणजे त्या भागाचा व्होल्टेज ३.४ वरून ४.१ पर्यंत चढतो आणि फॉस्फेटची शांत प्रकृती कायम राहते. दुचाकीसाठी ही घडण मला सगळ्यात आशादायक वाटते. वीज तिच्यातून सावकाश वाहते, एवढा तिचा दोष.

या सगळ्यात महाराष्ट्राचा वाटा आहे, आणि तो पुण्यापासून दूर भंडारा जिल्ह्यात आहे. डोंगरी बुजुर्ग ही मॉइल या सरकारी कंपनीची उघडी खाण. तिथलं मँगनीज डायऑक्साइडचं खनिज अनेक वर्षं टॉर्चच्या आणि रेडिओच्या सेलसाठी जात आलं आहे. त्याच खाणीपाशी मॉइलनं देशी तंत्रानं विद्युत-अपघटनी मँगनीज डायऑक्साइडचा कारखाना १९९१ मध्ये उभा केला. क्षमता वर्षाला हजार टनांच्या आसपास. हा तोच पदार्थ, जो लिथियम कार्बोनेटबरोबर भाजला की मघाचा स्पिनेल कॅथोड तयार होतो. म्हणजे भंडाऱ्याची काळी माती आणि चाकणची बॅटरी यांच्यात रसायनशास्त्राची एकच पायरी आहे. पण ती पायरी उंच आहे. टॉर्चच्या सेलला चालतं तेवढं लोखंड, तांबं किंवा सोडियम लिथियमच्या सेलला चालत नाही. तिथं अशुद्धी दहा लाखांत काही भाग इतक्या खाली आणावी लागते. नव्या घडणींना लागणारं अतिशुद्ध मँगनीज सल्फेट आज जवळजवळ सगळं चीनमध्ये तयार होतं. खनिज आपल्याकडं आहे, शुद्धीकरण नाही. पाषाण रस्त्यावरच्या सी-मेटमध्ये बॅटरीच्या पदार्थांवर काम चालू आहे. आयसर आणि केपीआयटी यांनी डिसेंबर २०२३ मध्ये लिथियमही वगळून सोडियमची बॅटरी दाखवली. प्रयोगशाळा पुण्यात आहेत, खाण विदर्भात आहे. मधला कारखाना अजून उभा राहायचा आहे.

तोवर वाचकांना एक विनंती. विजेची स्कूटर घ्यायला जाल तेव्हा "एआरएआय किती?" जरूर विचारा. त्यापुढं आणखी दोन प्रश्न विचारा. सेल कोणत्या जातीचे आहेत, एनसीए, एनएमसी की एलएफपी? आणि हमीच्या मुदतीत क्षमता किती टक्क्यांच्या खाली आली तर बॅटरी बदलून मिळेल? दोन्हींची उत्तरं कागदावर लिहून घ्या. एनसीए किंवा एनएमसी असेल तर रोज ऐंशी टक्क्यांवर चार्जिंग थांबवा आणि भर उन्हातून आलेली गाडी थंड झाल्याशिवाय चार्जिंगला लावू नका.